मदत हवी आहे: जुन्या क्लायंटचा थेट स्पर्धक दारात आलाय

मी एकटीच गूगल अ‍ॅड्सची कामं करते. अकाउंटिंग सॉफ्टवेअर विकणारा एक जुना क्लायंट आहे, आणि आता त्याच्या थेट स्पर्धकाने विचारणा केलीय. जुन्या करारात गोपनीयतेचं कलम आहे, पण स्पर्धकाचं काम घेऊ नये असं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे कागदावर मी मोकळी आहे.

अडचण लिलावाची आहे. दोघांना तेच कीवर्ड हवेत. जुन्याला एक चौकशी कितीला पडते आणि तो बोली कुठवर ताणू शकतो, हे मला तोंडपाठ आहे. नव्याची बोली ठरवताना ते विसरायचं कसं? एकाची वाढवली की दुसऱ्याचा क्लिक महागणार, आणि दोन्हीकडे हात माझाच. टीम असती तर माणसं वेगळी ठेवता आली असती.

नव्याला अजून ‘तुमचं बजेट, आकडे आत्ताच पाठवू नका’ एवढंच कळवलंय. जुन्याला विचारायचं तर नव्याचं नाव न घेता कसं विचारू? आणि नव्याला फक्त ईमेल मार्केटिंगचं काम देऊ केलं तर हितसंबंधांचा पेच खरंच सुटतो, की ती नुसती पळवाट? असं कुणी निभावलंय का? जुन्या क्लायंटला लिहिलेला मजकूर दाखवलात तर फार बरं होईल.