मदत हवी आहे: बाल्कनीतल्या डब्यातली गांडुळं झाकणाला येऊन चिकटतायत, काही मेली पण

बाल्कनीवाली_जळगाव
नमस्कार मंडळी, आमचा फ्लॅट जळगावात तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी पश्चिमेला. हिवाळ्यात एका नर्सरीतून लाल गांडुळं आणली आणि निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये नारळाचा भुसा, जुनं शेण घालून सोडली. फेब्रुवारीपर्यंत एकदम मस्त चाललं होतं, भाजीची देठं, चहाचा चोथा, केळीची सालं सगळं गुपचूप संपायचं, वास नाही काही नाही. आता आखाजीपासून सगळं बिघडलंय. घरी पाहुणे होते, आमरस झाला, सालं-कोयी भरपूर निघाल्या, कोयी फेकल्या पण सालं सगळी क्रेटमध्येच टाकली कारण ओला कचरा बाहेर द्यायचा नाही असं ठरवलंय ना. आता संध्याकाळी झाकण उघडलं की गांडुळं झाकणाच्या आतून गुच्छ करून बसलेली, काही तर फरशीवर वाळून पडलेली. आंबूस वास पण येतोय. क्रेटवर दुपारी तीननंतर ऊन येतं, मी ओला टॉवेल टाकते. सासूबाई म्हणतात फेकून दे ते. कोणी सांगेल का नक्की काय होतंय आणि वाचवता येतील का?

धुळेकर७२
ताई पाणी कमी पडतंय, दुसरं काही नाही. आपल्याकडे मे महिन्यात माणूस वाळतो तिथे गांडूळ काय टिकणार. सकाळ-संध्याकाळ पाणी मारा चांगलं, आणि दुपारी बर्फाचे तुकडे टाका वरून. ती नर्सरीतली परदेशी गांडुळं आपल्या हवेला टिकतच नाहीत बघा, शेतातली काळ्या मातीतली आणून सोडा, ती कणखर असतात.

भुसावळचा_मित्र
मना बी हाईच प्रॉब्लेम शे भो! माझ्या ड्रममध्ये तर पांढऱ्या जाड अळ्या झाल्यात, बोटाएवढ्या नाही पण बऱ्यापैकी, वळवळ करतात नुसत्या. काय मारू त्यांच्यावर? माझ्याकडे गांडुळं नाहीत, साधा ड्रम आहे भोकं पाडलेला. केळीची सालं जास्त असतात आमच्याकडे.

गांडूळवाले_काका
बाल्कनीवाली ताई, घाबरू नका पण आजच हालचाल करा. यात दोन उष्णता वेगवेगळ्या आहेत आणि उपायही वेगळे आहेत. एक उन्हाची, दुसरी कचऱ्याची स्वतःची. ओली गोड सालं एकदम ढिगाने पडली की ती आंबतात, आतून तापतात, आणि आंबलेपणाने आम्लताही वाढते. लाल गांडुळाला पंचवीस अंशाच्या आसपास सुख, तिशीच्या वर ते कुरकुरतं, पस्तिशी ओलांडली की मरायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच चव्वेचाळीस-पंचेचाळीस असतं, मग पश्चिमेच्या उन्हातलं प्लास्टिक आतून किती तापत असेल विचार करा.

कुठली उष्णता ते ओळखायची सोपी पद्धत अशी, पहाटे ऊन यायच्या आधी हात मधोमध खोल घालून बघा. बाहेरचा थर गार पण आत कोमट लागलं तर सालं तापतायत. पहाटे सगळं सारखंच गार आणि संध्याकाळी कडेपासून गरम लागलं तर ऊन.

वर पाणी मारत राहणं हा अर्धाच उपाय आहे धुळेकर भाऊ. ओलं हवंच, पण क्रेटच्या तळाला पाणी साचलं तर हवा संपते आणि गांडुळं त्याच कारणाने वर पळतात. मूठभर माल घेऊन दाबा, एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर जास्त. शेतातल्या गांडुळांचं म्हणाल तर ती माती खाणारी, बिळात राहणारी, स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात ती राहत नाहीत.

बाल्कनीवाली_जळगाव
काका आत्ताच दाबून बघितलं, वरचा थर कोरडा पण खालून धार लागतेय. मग आज काय करू ते सांगा.

गांडूळवाले_काका
खाणं बंद. पेपर पसरून सगळा माल त्यावर ओता, सालं दिसतील तेवढी वेगळी करा, त्यांच्यासाठी वेगळा डबा ठेवा. क्रेटच्या तळाला भोकं बुजली असतील तर मोकळी करा. वर्तमानपत्राच्या पट्ट्या भिजवून पिळून तळाला हातभर नाही, चार बोटं पसरा, त्यावर उरलेला माल ढिला, दाबायचा नाही. क्रेट बाल्कनीतून आत घ्या, मोरीच्या बाहेर किंवा कूलरच्या वाऱ्याची झुळूक लागेल तिथे. झाकण काढून वर गोणपाट ओला करून टाका. आपली हवा कोरडी असते ना, ते पाणी उडतं आणि मालातली उष्णता घेऊन जातं, म्हणून खानदेशात हे चालतं, पावसाळ्यात याचा काही उपयोग नाही. रात्री छोटा एलईडी दिवा वर लावून ठेवा, उजेड त्यांना सहन होत नाही, खालीच राहतात.

आणि पुढे मार्च ते जून सगळा कचरा गांडुळांवर टाकूच नका. साध्या डब्यात सालं-देठं घाला, प्रत्येक वेळी तेवढाच किंवा दुप्पट सुका पाला किंवा वखारीतला लाकडाचा भुसा, प्लायवूडचा मात्र नको, त्यात चिकट गोंद असतो. दोन-तीन आठवड्यांनी ते तापून थंड झालं की त्यातलं थोडं थोडं गांडुळांना. गांडुळं बियाण्यापुरती एका जुन्या माठात ठेवा, तळाला भोक पाडून, माठ वरून ओला ठेवून. प्लास्टिकपेक्षा माठ पुष्कळ गार राहतो.

भुसावळच्या मित्रा, त्या अळ्या बहुतेक सोल्जर माशीच्या, कचरा खातात, माणसाला काही करत नाहीत. औषध मारू नका. ड्रम फार ओला झालाय एवढंच, सुका पाला वाढवा, आपोआप कमी होतील.

भुसावळचा_मित्र
काही करत नाहीत म्हणे, बायको बघून किंचाळली त्याचं काय 😅 पाला कुठून आणू, आमच्या सोसायटीत फक्त कडुनिंब आहे.

नंदुरबारची_माळीण
कडुनिंबाचा पाला गांडुळांना घालू नका असं आमच्याकडे सांगतात, कडूमुळे मरतात.

गांडूळवाले_काका
हिरवा ताजा पाला ढीगभर नको हे बरोबर. पण वाळलेला, थोडा कुजलेला मी वर्षानुवर्षं वापरतोय, त्रास दिसला नाही. साध्या ड्रमला तर काही अडचणच नाही.

नंदुरबारची_माळीण
तुमचं चाललं असेल, मी मात्र रिस्क घेणार नाही, एकदा वाळलेलाच घातला होता आणि गांडुळं कोपऱ्यात जाऊन बसली.

बाल्कनीवाली_जळगाव
अपडेट: पहाटे हात घातला, आत चांगलंच कोमट होतं, म्हणजे सालंच. पण संध्याकाळी कडा पण तापतात, म्हणजे दोन्ही आहे. सालं काढली, क्रेट आत घेतलं, गोणपाट टाकलं. दोन दिवस झाले, झाकणाला कोणी नाही, पण आत मालात फार कमी दिसतायत, निम्मी तरी गेली असावीत. पिवळसर, लिंबासारखे टोकदार बारीक दाणे सापडले, तुरीपेक्षा लहान, ते काय आहेत? सासूबाईंना मोरीजवळ क्रेट आवडलेलं नाही, माठ आणते म्हणाले तर म्हणतात पाण्याचा जुना माठ घे, नवा नको.

गांडूळवाले_काका
तेच तुमचं बियाणं, अंडकोष आहेत ते, त्यातून एकेका दाण्यातून दोन-चार पिल्लं निघतात. मालात परत मिसळून ठेवा, ओल टिकवा. मोठी गेली तरी हे बहुतेक वाचतील. पाण्याचा जुना माठ चालेल, फक्त आतून क्षार साचून छिद्रं बुजलेली नाहीत ना ते बघा, पाणी भरून रात्रभर ठेवा, बाहेरून घाम आला तर घ्या.

धुळेकर७२
बर्फाचं कोणी काही बोललं नाही, चालतो का नाही?