'एन्हान्सर'ला 'वर्धक' म्हणावं का?

शेवंती: सिकलसेलवरच्या जनुकसंपादन उपचाराबद्दलचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यातलं एक वाक्य असं झालं: 'बीसीएल-११-ए या जनुकाचा वर्धक कापला, त्यामुळे रुग्णाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढलं.' संपादकांनी विचारलं, वर्धक कापल्यावर वाढ कशी होईल? शब्द बदलू की वाक्य?

नीलमोहर: वर्धक म्हटलं की शक्तिवर्धक गोळीच आठवते. हे एन्झाइमसारखं प्रथिन असतं ना, जनुकाचा वेग वाढवणारं? मग 'वेगवर्धक प्रथिन' लिहा.

पेशीजाल: प्रथिन नाही, नीलमोहर. एन्हान्सर हा डीएनएचाच तुकडा. त्यावर येऊन बसतात ती प्रथिनं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. वेग वाढतो हे तुमचं बरोबर, पण प्रथिनं बसल्याशिवाय तो तुकडा काहीच करत नाही.
शेवंतीताई, शब्द ठीक आहे, मधली कडी सुटली आहे. बीसीएल-११-ए जनुकापासून बनणारं प्रथिनही ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरच, आणि ते गर्भहिमोग्लोबिनचं जनुक दाबून ठेवतं. दाबणाऱ्याचा जोर ओसरला की दाबलेलं वर येतं. एवढं सांगितलंत की संपादकांची शंका मिटेल.

शब्दनिष्ठ: 'ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर' हे मराठी आहे का? 'प्रतिलेखन घटक' हा शब्द असताना उसनवारी कशाला?

पेशीजाल: 'घटक' वाचून वाटतं की तो कशाचा तरी भाग आहे. हे बाहेरून येऊन बसतं आणि पुन्हा सुटतं. 'प्रतिलेखन नियामक' चालेल, कारण यातली काही जनुक चेतवतात, काही दाबतात.

आडवाट: माझ्या भाच्याला सिकलसेल आहे. तो हायड्रॉक्सियुरिया घेतो. त्यानेही गर्भहिमोग्लोबिन वाढतं असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे तेही वर्धकच ना?

शब्दनिष्ठ: बघा, इथेच घोटाळा झाला! पारिभाषिक शब्द रोजच्या शब्दापासून दूर हवा. 'चेतकखंड' म्हणा.

पेशीजाल: आडवाट, औषधाने ते वाढतं हे खरं, पण ते औषध या तुकड्याला हात लावत नाही. इथे चर्चा डीएनएमधल्या एका जागेची आहे.

शेवंती: मला एक कळलं नाही. बीसीएल-११-ए नको असेल तर ते जनुकच का मोडत नाहीत?

पेशीजाल: कारण ते इतर पेशींना हवं असतं. त्याच्याशिवाय बी-लिम्फोसाइट घडत नाहीत, मेंदूच्या वाढीतही त्याचं काम आहे. उपचारात रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून संपादित करतात. त्यांच्यापासूनच लाल पेशी होतात आणि बी-लिम्फोसाइटही, त्यामुळे जनुक मोडलं तर दोन्हीकडे मोडेल.
म्हणून जनुकाच्या आतच, प्रथिनात न उतरणाऱ्या भागातला एन्हान्सर निवडला. त्यात जीएटीए अशी अक्षरं आहेत, आणि त्यांवर बसणाऱ्या प्रथिनाचं नावच गाटा-१. घडणाऱ्या लाल पेशींत ते भरपूर असतं, बी-लिम्फोसाइटमध्ये नसतं. अक्षरं दोन्हीकडे तीच, वाचणारा एकीकडेच. २०१३मध्ये उंदराच्या पेशींतून हा एन्हान्सर काढून पाहिला, तर लाल पेशींच्या वाणात बीसीएल-११-ए घटलं, बी-पेशींच्या वाणात फरक पडला नाही.
खरं तर तुमच्या वाक्यातला 'कापला' जास्त खटकतो. उपचारात पूर्ण तुकडा काढत नाहीत. त्या अक्षरांपाशी छेद देतात, पेशी तो सांधते आणि सांधताना काही अक्षरं गळतात किंवा भर पडते. तेवढ्याने गाटा-१ची बैठक मोडते.

नीलमोहर: पण जीएटीए ही चारच अक्षरं! योगायोगाने दर २५६ अक्षरांमागे एकदा यायचीच. मग गाटा-१ सगळीकडे बसत नाही?

पेशीजाल: बरोबर पकडलंत. बहुतेक जागा घट्ट गुंडाळलेल्या डीएनएत असतात. शिवाय शेजारी टाल-१सारखे सोबती लागतात. पण एखाद्या पेशीत नेमक्या कुठल्या जागा कामाला लागतील, हे नुसती अक्षरं वाचून खात्रीने सांगता येत नाही. प्रयोगच करावा लागतो.

शब्दनिष्ठ: मुद्दा भाषेचा होता. 'वर्धक'मध्ये वृध् धातू आहे, वाढवणारा तो वर्धक. कापण्याशी त्याचा संबंध नाही.

पाटीपेन्सिल: आहे! संस्कृतात 'वर्ध्' म्हणजे कापणंही. मनुस्मृतीत नाळ कापण्याला 'नाभिवर्धन' म्हटलंय आणि सुताराला 'वर्धकि' म्हणतात. आपल्याकडे 'बांगडी वाढवली' म्हणजे फोडली, ते त्यातूनच आलं असणार.

शब्दनिष्ठ: अजिबात नाही. 'फुटली' म्हणणं अशुभ म्हणून 'वाढली' म्हणतात. संस्कृतापर्यंत जायची गरज नाही.

शेवंती: असं केलं: 'बीसीएल-११-एच्या एन्हान्सरमधली गाटा-१ची जागा मोडली, हे जनुक मंदावलं, आणि त्याने दाबून ठेवलेलं गर्भहिमोग्लोबिन वाढलं.' 'एन्हान्सर' तसाच ठेवलाय.

पेशीजाल: 'घडणाऱ्या लाल पेशींत' हे घालाच. आणि 'मंदावलं' छान, 'बंद पडलं' नको, कारण थोडं बीसीएल-११-ए तिथेही बनत राहतं.

पाटीपेन्सिल: शब्दनिष्ठ, मग 'वर्धकि'चं काय? सुतार काय वाढवतो?