मदत हवी आहे: कर्ता माहीत नसेल तर ‘करण्यात आले’ कसं काढायचं?

गावच्या विहिरीवरचा लेख तपासतेय. ‘ग्रामस्थांकडून गाळ काढण्याचे काम करण्यात आले’ याचं ‘गावकऱ्यांनी गाळ काढला’ केलं. सहा शब्दांचे तीन झाले, शिवाय ‘काढणे’ हे खरं क्रियापद ‘काम करणे’च्या खालून वर आलं.

अडलंय पुढच्या वाक्यात: ‘१९७२च्या दुष्काळात विहीर खोल करण्यात आली.’ कोणी केली, हे लेखकाला ठाऊक नाही. नुसतं ‘खोल केली’ लिहिलं तर आधीच्या वाक्यातले गावकरीच कर्ता वाटतात. ‘मजुरांनी’ घालणं म्हणजे माहिती मनाने रचणं, ते मला नको. ‘विहीर खोल झाली’ म्हटलं तर ती आपोआप झाल्यासारखी वाटते. अशा ठिकाणी ‘करण्यात आली’ राहू द्यावं, की दुसरी वाक्यरचना आहे?