मदत हवी आहे: पगार ऐंशी हजार, हातात एकतीस. पोटगी कशावर धरतात?

निशिगंध_७
ताईसाठी विचारतेय. दीड वर्षापासून ती सात वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी आहे. घटस्फोटाचा दावा दोघांपैकी कोणीच केलेला नाही. गेल्या जुलैमध्ये कौटुंबिक न्यायालयात पोटगीचा अर्ज केलाय, कलम 144 खाली (जुनं 125). दाजींनी (तोंडात अजून तेच येतं) पगारपत्रक लावलंय. एकूण 80,000. कर, भविष्य निर्वाह निधी वगैरे 11,000, घरकर्जाचा हप्ता 24,000, पतपेढीचं कर्ज 14,000. हातात 31,000, शिवाय आई अवलंबून, म्हणून दोघींना मिळून 5,000 देतो म्हणतात. ताईला शिकवण्यांचे बारा हजार मिळतात. ते सांगायचे की नाही? आणि पाच हजारांवर अडकेल का हे?

भुईनळा
नियम सोपा आहे, पगाराच्या 25 टक्के. एकतीसचे पावणेआठ हजार धरून चाला. आणि घटस्फोटाचा दावा टाकल्याशिवाय पोटगी मिळतच नाही, ते आधी बघा.

जुना_डगला
भुईनळा, अर्धं बरोबर. दावा लागतो तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 साठी. 144 ला लागत नाही, आणि ते कुठल्याही धर्माच्या बायकोला खुलं आहे. 25 टक्के आले सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या एका निकालातून. तिथे नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, त्या संसाराचा भार धरून रक्कम 23,000 वरून 20,000 वर आणली. सगळ्यांना लावायची ती पट्टी नव्हे.

निशिगंध, भांडण टक्क्यांचं नाही, कशाचे टक्के याचं आहे. कर आणि निर्वाह निधी कायद्यानेच कापला जातो, तो वजा होतो. कर्जाचे हप्ते माणसाने स्वतःहून घेतलेले असतात, ते न्यायालयं सहसा वजा करू देत नाहीत. म्हणजे हिशोब 69,000 पासून सुरू. घरकर्जाला थोडी सहानुभूती मिळते कधीकधी, पण फ्लॅट त्यांच्याच नावावर असेल तर ती त्यांचीच मालमत्ता वाढतेय. पतपेढीच्या कर्जाची मंजुरीची तारीख काढा. ताई घराबाहेर पडल्यानंतरची असेल तर बोलायलाच नको.

आता आकडा. दिल्ली उच्च न्यायालयाने 2004 मध्ये वाट्यांची पद्धत वापरली होती. दोघांचं उत्पन्न एकत्र करायचं, कमावत्याला दोन वाटे, बाकी प्रत्येकाला एक. इकडे ती बंधनकारक नाही, पण अंदाजाला बरी. 69,000 अधिक 12,000 म्हणजे 81,000. सासूबाई धरून पाच वाटे, प्रत्येकी 16,200. ताई आणि लेकीचे 32,400, त्यातून तिचे बारा वजा, उरले 20,400. सासूबाईंना स्वतःचं निवृत्तिवेतन असेल तर वाटे चार होतात आणि रक्कम 28,500 वर जाते. एका माणसाच्या अवलंबून असण्या-नसण्याने 8,100 चा फरक! प्रत्यक्षात न्यायाधीश मुलीची शाळा, घरभाडं, राहणीमान बघून यापेक्षा कमीही देतात.

सायली_म
बारा हजार लपवू नका. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. माझ्या मावसबहिणीने नोकरी दडवली. उलटतपासणीत पासबुक निघालं आणि तिचं बाकीचं खरं बोलणंही कुणी ऐकेना. थोडं कमावते म्हणून पोटगीचा हक्क जात नाही, रक्कम कमी होते इतकंच.

देशमुख_काका
आमचं कोण बघणार? मुलगा पुण्यात, आम्ही दोघं गावी, दमडी पाठवत नाही. आम्हालाही हे वाटे लागू का?

जुना_डगला
काका, वाट्यांचं गणित तुमच्यासाठी नाही, पण हक्क आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे अर्ज करा, तुमच्याच भागात. वकिलाची गरज नाही, मात्र महिना 10,000 ही मर्यादा आहे. 144 ला मर्यादा नाही, पण वेळ जास्त लागतो. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. लेक कमावती असेल तर लग्न झालेलं असलं तरी तिच्यावरही जबाबदारी येते, हे 1987 पासून ठरलेलं आहे.

भुईनळा
लेकीवर? हे मला नवीन. आणि निशिगंध, रक्कम निकालाच्या दिवसापासून मिळेल, त्यामुळे घाई करा.

सायली_म
नाही हो, अर्जाच्या तारखेपासून. त्याच 2020 च्या निकालात आहे. म्हणजे जुलैपासूनची थकबाकी. आदेशानंतर पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा, नाहीतर वॉरंट निघत नाही. बहिणीचे चार महिने असेच बुडाले.

निशिगंध_७
पतपेढीचं कर्ज ऑगस्टमधलं निघालं, म्हणजे नोटीस मिळाल्यानंतर तीन आठवड्यांनी. सासऱ्यांमागे सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन आहे हे नक्की, आकडा माहीत नाही. तो त्यांच्याकडून मागवता येतो का? त्या तर खटल्यात पक्षकारच नाहीत.