मंगळुरूतला प्लॉट: सेंटचा भाव स्क्वेअर फुटात

> "मंगळुरूत एक जण ९ लाख रुपये सेंट सांगतोय, १० सेंट जागा आहे. दुसरीकडे ४० बाय ६० चा लेआउटमधला प्लॉट २२०० रुपये स्क्वेअर फुटाने आहे. स्वस्त कोणता?"

सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग. एकर ४३,५६० स्क्वेअर फूट, म्हणून सेंट ४३५.६. नऊ लाखांना ४३५.६ ने भागा, भाव येतो सुमारे २०६६ रुपये. कागदावर पहिली जागा स्वस्त.

पण लेआउटमधल्या ४० बाय ६० मध्ये रस्ता धरलेला नसतो, तो बाहेर असतो. सुट्या सेंटच्या जागेत बऱ्याचदा वाटही तुमच्याच मापातून जाते. समजा १२ फूट रुंद, ६० फूट लांब वाट सोडावी लागली, तर ७२० स्क्वेअर फूट गेले. ४३५६ पैकी उरले ३६३६, पैसे मात्र पूर्ण ९० लाख. आता भाव २४७५ रुपये पडतो, म्हणजे लेआउटवालाच स्वस्त. म्हणून मोजणीचा नकाशा आधी मागा आणि वाट कोणाच्या हद्दीत आहे ते बघा.

आपल्याकडच्या माणसांची आणखी एक गफलत होते, ती गुंठ्याची. मंगळुरूचा दक्षिण कन्नड जिल्हा १९५६ पर्यंत मद्रास राज्याकडे होता, त्यामुळे तिथे सेंट रुळलाय. गुंठा १०८९ स्क्वेअर फुटांचा, म्हणजे अडीच सेंट. 'दहा' ऐकून गुंठे समजलात तर जागा अडीचपट वाटेल!