सहलेखिकेला कामाच्या वाटणीबद्दल ईमेल लिहायचाय, मसुदा बघाल का?

खडूफळा:
मी मानसशास्त्र शिकवते. दुसऱ्या महाविद्यालयातल्या एका मॅडमबरोबर विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यावर पेपर लिहितेय, दोघीच लेखिका आहोत. ठरलं होतं ते असं: फॉर्म दोघींनी आपापल्याकडे भरून घ्यायचे, विश्लेषण माझं, आधीच्या संशोधनाचा आढावा आणि चर्चा त्यांची. आढावा आला तो दीड पान, संदर्भ अर्धवट. चर्चेचा पत्ताच नाही, शेवटी तीही मीच लिहायला घेतली. फोन केला की "अगं, नॅकचं चाललंय, या आठवड्यात नक्की".

वर त्यांच्याकडचा डेटा निस्तरण्यात खूप वेळ गेला. आम्ही डब्ल्यूएचओ-५ ही मनःस्वास्थ्य मोजायची प्रश्नावली वापरली. पाच विधानं, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला चारने गुणलं की शंभरपैकी गुण मिळतात. त्यांच्या एक्सेलमध्ये काही मुलांना १२० गुण! उत्तरं १ ते ६ अशी भरली होती. म्हणजे त्यांचं प्रत्येक मूल २० गुणांनी जास्त सुखी.

त्या माझ्यापेक्षा बऱ्याच सीनियर आहेत. मसुदा असा:

> आदरणीय मॅडम, गेले काही महिने पेपरचं जवळजवळ सगळं काम मीच करत आहे. आपण ठरलेलं काम वेळेत दिलं नाहीत. अशा परिस्थितीत दोघींची नावं बरोबरीने असणं मला योग्य वाटत नाही. कृपया विचार व्हावा.

चहाबाज:
आमच्याकडे परीक्षेआधी मुलांसाठी ध्यानाचा तास ठेवतात, बराच फरक पडतो. कामाचा ताण वाटून घेणं महत्त्वाचं.

खडूफळा:
दादा, ताण मुलांचा नाही, माझा आहे :)

रत्नांग्रीकर:
सरळ पहिलं नाव मागा. प्रमोशनच्या वेळी पहिल्या लेखकाला ७० टक्के गुण, बाकीच्यांना ३०. आमच्या गाईडनी माझ्या प्रबंधातल्या दोन पेपरांवर स्वतःचं नाव आधी घातलं, मी गप्प बसलो, अजून भोगतोय.

जुनी_संपादक:
रत्नांग्रीकर, ते दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दोघेच लेखक असले की प्रत्येकाला ७० टक्के मिळतात, नाव आधी असो की नंतर. म्हणजे क्रम बदलला म्हणून मॅडमचे गुण जात नाहीत. खडूफळा, हे तुमच्या पथ्यावर पडेल, पण ईमेलमध्ये नको. फोनवर सहज बोलून जा.

तुमचा मसुदा वाचून त्या एवढंच विचारतील, "म्हणजे नेमकं काय हवंय?" तक्रार आहे, मागणी नाही. "जवळजवळ सगळं काम" म्हटलंत की त्या फॉर्मचे गठ्ठे दाखवणार, आणि ते खरंच त्यांनी जमवलेत. मी असं लिहीन:

> नमस्कार मॅडम, पेपरची आजची प्रत जोडली आहे. पद्धती, विश्लेषण आणि निष्कर्ष लिहून झाले आहेत. आपल्याकडच्या नोंदी १ ते ६ अशा होत्या, त्या ० ते ५ वर आणून गुण पुन्हा काढले. दोन्ही फाइली सोबत आहेत, एकदा मूळ फॉर्मशी ताडून बघाल का?
> आढावा आणि चर्चा आपल्याकडे होती. नॅकमुळे आपल्याला वेळ मिळत नाही हे दिसतंय, म्हणून चर्चेचा कच्चा मसुदा मी लिहिला आहे. तो आपण पुरा कराल की मी करू? दोन्ही भाग मीच पुरे केले तर पहिलं नाव माझं असावं असं मला वाटतं. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर पुढचं ठरवता येईल.

१२० गुणांची गंमत मात्र ईमेलमध्ये नको. ताडून बघायला सांगितलंत की त्यांना कळतंच, आणि ते काम खरोखर त्यांचंच आहे, कागद त्यांच्याकडे आहेत.

रत्नांग्रीकर:
नावच काढून टाकलं तर?

जुनी_संपादक:
नाही हो. नुसते फॉर्म भरून घेतले म्हणून कोणी लेखक होत नाही हे खरं. पण आयसीएमजेई, म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती, तिच्या निकषांत असंही आहे की डेटा जमवण्यात ज्याचा भरीव वाटा आहे त्याला मसुदा तपासायची आणि अंतिम प्रत मान्य करायची संधी द्यायलाच हवी. ती न देता नाव गाळलंत तर उद्या मॅडम संपादकाला पत्र लिहितील आणि पेपर अडकेल. मी अशी पत्रं वाचलीयेत. शिवाय बऱ्याच नियतकालिकांना क्रेडिटचा तक्ता लागतो. त्यात चौदा भूमिका असतात, कोणी काय केलं ते नावानिशी लिहायचं. तो रिकामा तक्ता आत्ताच पाठवून "आपल्या नावापुढे काय लिहू?" विचारलंत तर पुष्कळ बोलणं वाचेल.

शेवंतीची_वेणी:
मला हे पटत नाही. सीनियर बाईंना तक्ता पाठवणं म्हणजे हिशेब मागणं. आधी भेटून बोला, मग ठरलं ते ईमेलवर टाका. आमच्या भागात तरी असंच चालतं.

खडूफळा:
भेटीत त्या चहा पाजतील आणि मी आणखी एक काम घेऊन परत येईन, मला माझं माहीत आहे. ईमेल आजच पाठवते, तक्ता त्यांच्या उत्तरानंतर. एकच राहिलं: त्यांच्या प्राचार्यांचं परवानगीपत्र मॅडमच्या नावावर आहे. पत्रव्यवहाराची लेखिका मी झाले तर ते पत्र चालेल, की नव्याने घ्यावं लागेल?

जुनी_संपादक:
नियतकालिक कुठलं? प्रत्येकाचं वेगळं असतं. लेखकांसाठीच्या सूचनांचं पान इथे डकवा, बघते.