एकच एडिट, यूट्यूबला आडवा आणि इन्स्टाला उभा

"थालीपिठाचा आठ मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबसाठी एडिट केलाय. तोच उभा क्रॉप केला तर बाजूचं सगळं कापलं जातंय. परत शूट करू का?"

परत शूट नको, पण एक्सपोर्ट केलेली फाइल क्रॉप करू नकोस. मूळ टाइमलाइनच डुप्लिकेट कर आणि तिचा साइज १०८० बाय १९२० कर. १६:९ मधून ९:१६ काढलं की रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो, म्हणून फ्रेम मधोमध न ठेवता प्रत्येक शॉटला वेगळी सरकवायची, कधी तव्यावर तर कधी हातावर. शूट फोर-के असेल तर क्रॉप १२१५ बाय २१६० चा मिळतो, छान दिसतो. फुल एचडी असेल तर उरतात फक्त ६०७ पिक्सेल रुंदीत, मग ते ताणून मऊ दिसतं, विशेषतः पिठाचं टेक्श्चर. तसे शॉट गाळ सरळ.

लांबी कमी करताना आठ मिनिटं फास्ट फॉरवर्ड करून कोंबू नकोस, (मी केलंय, बघवत नाही) एकच मुद्दा उचल. समजा थापताना थालीपीठ फाटतं ते कसं टाळायचं, तेवढंच ३५-४० सेकंदात. सुरुवात कडक थालीपीठ मोडल्याच्या कुर्रर्र आवाजाने, पहिल्या दोन सेकंदात, नमस्कार बिमस्कार काही नाही. यूट्यूबला मात्र लोक शोधून येतात त्यामुळे तिथे "फाटतं का तुमचं?" असं बोलून सुरुवात चालते.

आणि टायटल वेगळ्या ट्रॅकवर ठेव, उभ्यात खालच्या भागात अ‍ॅपचं कॅप्शन नि बटणं येतात, मजकूर झाकला जातो, वेगळा असला की तो वर सरकवता येतो.